विषय: कच्ची लिची उपाशीपोटी, कोणाला माहिती आहे का?

केतकी:
नमस्कार मंडळी. ब्रिस्बेनला भाड्याने घेतलेल्या या घराच्या परसात लिचीचं झाड आहे, आणि यंदा फळांनी नुसतं लगडलंय. आज सकाळी उठून बघते तर आमचे पाच वर्षांचे चिरंजीव दूधही न घेता झाडाखाली बसून हिरव्या लिच्या सोलतायत! चार-पाच खाल्ल्या असतील. आता दुपार झाली, तो मजेत खेळतोय. पण सासूबाईंनी फोनवर सांगितलं, की बिहारमध्ये मुजफ्फरपूरला उपाशीपोटी लिची खाऊन मुलांच्या रक्तातली साखर एकदम उतरते आणि ती दगावतात, आणि माझं धाबं दणाणलं. खरं काय आहे?

अजित:
केतकी, घाबरू नकोस. मुजफ्फरपूरचा तो मेंदूज्वर आहे, व्हायरसचा. लिचीच्या हंगामात साथ येते म्हणून लिचीचं नाव खराब झालं. आणि साधा विचार कर, एवढं गोड फळ रक्तातली साखर कमी कसं करेल?

देशपांडे काका:
विषय छान काढलात. माझी उपाशीपोटीची शुगर १६० च्या खाली येत नाही. कच्च्या लिचीने उतरत असेल तर रोज सकाळी किती खाव्यात? केतकी, तुमच्याकडच्या थोड्या मिळतील का?

माधुरी:
काका, एकही नाही! तुम्ही औषधं घेताय, त्यावर हा प्रयोग नको. कारण खाली येतंच आहे.

अजित, व्हायरसचा संशय बरीच वर्षं होता, हे खरं. पण २०१४ च्या उन्हाळ्यात मुजफ्फरपूरच्या दोन रुग्णालयांत भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी मिळून ३९० मुलं तपासली. त्यातली १२२ गेली. बहुतेकांच्या मणक्यातल्या पाण्यात मेंदूज्वराला असते तशी पेशींची वाढ नव्हती. उलट ज्यांची साखर मोजली होती त्या ३२७ पैकी २०४ जणांची ७० किंवा त्याखाली निघाली. मी बालरोगतज्ज्ञ म्हणून तीस वर्षं काढली. झटके येणाऱ्या मुलाची साखर आधी बघायची, हे आम्हांला शिकवलेलं असतं ते उगाच नाही.

लिचीच्या गरात दोन पदार्थ असतात, हायपोग्लायसिन ए आणि त्याचाच भाऊ एमसीपीजी. साखर ते थेट खात नाहीत. मूल रात्री जेवलं नाही, तर यकृतातला साठा पहाटेपर्यंत संपतो. लहान मुलाचं यकृतच केवढंसं! मग शरीर चरबी जाळतं आणि त्या जोरावर यकृत नवी साखर बनवतं. हे पदार्थ चरबी जळण्याचं कामच अडवतात. साठा संपलेला, नवी साखर बनत नाही, चरबीही जळत नाही. मेंदूला पुरवठा उरतच नाही.

म्हणून तिथली कहाणी बहुतेक सारखी असते. मूल दिवसभर बागेत पडलेल्या लिच्या खातं, भूक मेल्यामुळे न जेवताच झोपतं आणि पहाटे तीन-चारला झटके येतात. गोडाचं म्हणशील, तर ती साखर तासा-दोन तासांत वापरून संपते. विषाचा परिणाम त्यानंतरही टिकतो.

अजित:
मग जमैकाचं अॅकी फळ म्हणतात ते हेच का? आमच्या ऑफिसातला एक जण सांगत होता, की न उकललेलं खाल्लं तर उलट्या होऊन माणूस जातो.

माधुरी:
बरोबर पकडलंस. अॅकी आणि लिची एकाच कुळातली झाडं, आणि कच्च्या अॅकीतही हायपोग्लायसिन ए असतं. लिचीतही कच्च्या फळात जास्त असतं, पण पिकलेल्यात शून्य नसतं. त्यामुळे "फक्त हिरवी टाळली की झालं" असं मी म्हणणार नाही.

केतकी, तुझं बाळ रात्री पोटभर जेवलं होतं ना?

केतकी:
हो, वरण-भात आणि वर एक केळं. सकाळी लिच्यांनंतर पोळी-भाजीही खाल्ली.

माधुरी:
मग त्या मुलांची आणि याची गोष्ट वेगळी. त्यांच्यातली बरीच कुपोषित होती. चार-पाच फळांत फार काही होईल असं मला वाटत नाही, तरी आज रात्री नीट जेवल्याशिवाय झोपवू नकोस. तो सुस्त पडला, उलट्या झाल्या, बरळायला लागला किंवा घामाघूम झाला तर लगेच ००० ला फोन करून रुग्णवाहिका बोलव. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तर गोड पाणी दे. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नकोस. शिरेतून ग्लुकोज वेळेवर मिळालं तर मुलं वाचतात.

सुहास:
एक शंका. एकाच घरातली चार भावंडं तीच लिची खातात, तर आजारी एकच का पडतं? आणि काही आजारी मुलांनी लिची खाल्लीच नव्हती, असंही २०१९ मध्ये ऐकलं होतं.

माधुरी:
हे दोन्ही प्रश्न मलाही खटकतात. रात्रीचं जेवण चुकणं हे मोठं कारण दिसतं, पण सगळी उत्तरं त्यात मिळत नाहीत. उष्णता हेही कारण असावं असं काही डॉक्टर म्हणतात. त्यावर अजून वाद आहे.

देशपांडे काका:
ठीक. मग पिकल्यावर दोन लिच्या, जेवणानंतर. चालेल ना, माधुरीताई?

केतकी:
काका, आधी शुगर मोजा, मग या. झाडाखालची फळं मी आत्ताच गोळा करून टाकतेय.