एकच मोबाईल, चौदा ओळी: याला डुप्लिकेट म्हणायचं?

वाडीतला_आंबेवाला (देवगड): मुंबईच्या सोसायट्यांच्या हापूसच्या ऑर्डरी CSV मधून येतात. काल 212 ओळींत 9 चुकल्या, तर माझ्या प्रोग्रामने अख्खी फाइल नाकारली. चांगल्या ओळी आत घेऊ का? आणि डुप्लिकेट ओळखू कसं?

हिशेबनीस: अख्खीच नाकार. 203 आत गेल्या की माणूस नऊ ओळी सुधारतो आणि तीच फाइल परत चढवतो. झाल्या ना 203 ऑर्डरी दुप्पट! मोबाईल आणि तारीख जुळली की डुप्लिकेट, एवढा नियम पुरतो.

किनाऱ्यावरचा_प्रोग्रामर (रत्नागिरी): भीती खरी आहे, पण नियम घातक आहे. माझ्याकडे एका सोसायटीच्या 14 ओळी आल्या, सगळ्यांवर सेक्रेटरींचाच मोबाईल, तारीख एकच. अशाच नियमाने 13 घरांचे आंबे गेलेच नाहीत. तेव्हापासून सोसायटीने प्रत्येक ओळीला स्वतःचा ऑर्डर नंबर द्यायचा, आणि डेटाबेसवर हे बंधन:

```sql
UNIQUE (society_code, order_no)
```

मग तीच फाइल दहादा चढवली तरी ऑर्डर एकदाच लागते. नंबर तोच, पण पेट्या 2 च्या 3 झाल्या असतील तर ती डुप्लिकेट नव्हे, बदल आहे. ती गुपचूप टाकू नका, रिपोर्टात वेगळी दाखवा. नंबरच नसेल तर ओळ अडकवून ठेवा आणि फोन करून विचारा.

गुहागरची_ताई: माझ्या फाइलमध्ये सगळी नावं ???? अशी येतात हो. ती डुप्लिकेट म्हणून पकडली जातात का?

किनाऱ्यावरचा_प्रोग्रामर: ताई, तो वेगळा घोळ. एक्सेलमध्ये साधं CSV म्हणून सेव्ह केलं की देवनागरी जाते, आणि प्रश्नचिन्हांतून ती परत मिळत नाही. मूळ फाइल उघडून `CSV UTF-8` निवडा. 91 लावलेल्या मोबाईलचंही तसंच होतं. म्हणून "नंबर अवैध" एवढंच लिहून भागत नाही. माझ्या रिपोर्टात असं येतं:

```
एक्सेल ओळ 47 | mobile | 9.19822E+11
आकडे गळले आहेत. मूळ यादीतून नंबर पुन्हा टाका.
```

ओळ क्रमांक एक्सेलमध्ये दिसतो तोच द्या, शीर्षकाची ओळ धरून. पत्त्यात कुणी एंटर मारलेला असला की फाइलमधल्या ओळी मोजून आलेला आकडा पुढे सरकतो, आणि समोरचा भलत्याच गिऱ्हाइकाची ओळ सुधारतो. चुकलेल्या नऊ ओळींची वेगळी CSV परत पाठवा, शेवटी कारणाचा रकाना जोडून. मग अख्खी फाइल पुन्हा चढवायची वेळच येत नाही.

हिशेबनीस: ऑर्डर नंबराचं पटलं. पण एका सोसायटीच्या 14 पैकी 11 आज गेल्या आणि 3 उद्या, तर टेम्पोच्या दोन खेपांचं भाडं कोण भरणार? निदान सोसायटीपुरतं तरी सगळं किंवा काहीच नाही, असं हवं.

वाडीतला_आंबेवाला: माझ्या सोसायट्या तर नंबर देतच नाहीत, फ्लॅट नंबर देतात. आणि एकाच फ्लॅटमधून आई आणि सून वेगवेगळ्या मागवतात.