मदत हवी आहे: महालातल्या हॉलवर आंदणाची पिकअप अन् वऱ्हाडाच्या गाड्या कशा न्यायच्या?

कापूसवाला_हिंगणघाट

नमस्कार मंडळी, 14 तारखेला बहिणीचं लग्न आहे, पोराकडचे नागपूरचे, हॉल महालात आहे अन् मुहूर्त 11.48 चा. आमचं गाव हिंगणघाटच्या आत आहे, तिथून जाम, बुटीबोरीवरून वर्धा रोडनं येणार. एक पिकअप आंदणाची अन् रुखवताची (कपाट, दिवाण, अन् आईनं दोन महिने बसून केलेलं शेवयाचं अन् पापडाचं मंदिर, त्याले हातातच धरून न्यावं लागते), एक 17 सीटर अन् सहा कार. परवा हॉल पाहून आलो, गल्ली वन-वे आहे, दोनदा चुकलो अन् आत फक्त 15 गाड्या मावते. हॉलवाला म्हणे सकाळी आठनंतर मालगाडीले तिकडे सोडत नाही. काय करावं?

विदर्भी_भाऊ

टेन्शन घेऊ नका, नो एन्ट्री फक्त ट्रकले असते. लग्नाची गाडी म्हणून सांगा, सोडते पोलिस.

गाडीमालक_वर्धा

अर्धंच बरोबर आहे भाऊ. लाल गोलात आडवी पांढरी पट्टी असली तर ती सगळ्याच गाड्यांसाठी, अन् गोलात ट्रकचं चित्र असलं तर त्या प्रकारच्या गाडीपुरतं. दोन्हीच्या खाली छोटी पाटी असते तिच्यावर वेळ लिहिलेली, तीच वाचायची राहून जाते. आम्ही 12 वर्षं छोटा हत्ती चालवून राहिलो, चौकात विनवण्या करत अर्धा तास गेलेला पाहिला आहे, अन् मागे माल उन्हात.

तुमचं गणित पाहा. पिकअप आदल्या संध्याकाळीच भरून ठेवा, 4.30 ला निघा, पाऊणशे किलोमीटर म्हणजे साडेसहापर्यंत हॉलवर. आठच्या आत खाली करून गाडी बाहेर काढा, तिथं उभी ठेवू नका, नाहीतर निघतानाही नो एन्ट्रीतच सापडाल. दिवाण उतरवायले चार जण लागते, पण त्यांना मागे मालात बसवू नका, मालगाडीत माणसं बसवता येत नाही. त्यांना एका कारमध्ये सोबत पाठवा अन् ते मंदिरही कारमध्येच, कोणाच्या तरी मांडीवर.

छत्रपती चौकातून सीताबर्डीकडे जाऊ नका. तिथून रिंगरोडनं मानेवाडा चौक, मग तुकडोजी पुतळा, रेशीमबाग, अन् तिकडून महाल.

सीमा_अमरावती

माझ्या पुतण्याच्या लग्नात वरातीची परवानगी घ्यायची राहिली होती, डीजे बंद करायला लावला. तुम्ही घेतली का परवानगी?

कापूसवाला_हिंगणघाट

ताई, वरात पोराकडची आहे, ते पाहून राहिले. माझा प्रश्न गाड्यांचा आहे. दादा, दोनदा चुकलो ते काहून झालं असेल? मॅप तर बरोबर दाखवत होता.

महालकर

मी तिथंच राहतो. हॉलवाले लोकेशन पाठवतात ते बहुतेक मागच्या भिंतीवर असतं, म्हणून गाडी चुकीच्या गल्लीत घुसते. अजून एक, तुम्ही मॅप मोटरसायकलचा लावला होता का? तो बोळीतून नेतो, त्यात 17 सीटर अडकली तर मागेही येत नाही. तुम्ही गेटवर उभे राहून स्वतः लोकेशन घ्या, अन् गल्लीच्या ज्या तोंडातून आत जायचं त्या तोंडाचं वेगळं. सगळ्या ड्रायव्हरले ते तोंडाचंच पाठवा. एकदा गेट हुकलं की वन-वेत मागे येता येत नाही, पूर्ण चक्कर मारावी लागते, अन् लग्नसराईत त्या चक्करले वीस मिनिटं कुठं गेली कळत नाही.

पार्किंगचं म्हणाल तर आमच्याइकडे पी-1, पी-2 च्या पाट्या असते. पी-1 विषम तारखेले, पी-2 सम. 14 सम आहे, म्हणजे पी-2 लिहिलेल्या बाजूलेच लावा, समोरच्या बाजूची उचलून नेतात.

गाडीमालक_वर्धा

हे सांगायचं राहिलंच होतं. मी म्हणतो सहाही कार आत नेऊच नका. गेटवर म्हातारे अन् बायका उतरवा, दोनच कार हॉलमध्ये लावा. बाकीचे ड्रायव्हर परत वर्धा रोडले जाऊन खापरी मेट्रो स्टेशनवर गाडी लावतील, मेट्रोनं सीताबर्डी, तिथं लाईन बदलून चितारओळी, तिथून ई-रिक्षा.

विदर्भी_भाऊ

एवढं लांब कोण जाते बाप्पा, ड्रायव्हरचं जेवण हुकन!

महालकर

जेवणाच्या पंगती तीनपर्यंत चालतात, नाही हुकत. पण सकाळी दहानंतर परत जाणं-येणं मिळून दीड तास धरा. दहाच्या आत उतरवून निघाले तरच हे जमन.

कापूसवाला_हिंगणघाट

ठीक, पिकअप साडेचारलेच काढतो, मामा सोबत कारमध्ये मंदिर घेऊन बसन. उद्याच हॉलवर जाऊन गेटचं अन् तोंडाचं लोकेशन घेतो. 17 सीटरचं अजून कळलं नाही, चौकातल्या पाटीवर "जड वाहने" एवढंच लिहिलं होतं, ती त्यात धरते का? आजी तिच्यातच बसणार आहे, तिले 200 पावलंही चालवत नाही.

गाडीमालक_वर्धा

पाटीचा फोटो टाका, खाली वेळ अन् चित्र काय आहे ते पाहून सांगतो. नाहीतर आजीले एका कारमध्येच घ्या अन् त्या कारले हॉलमधल्या दोन जागांपैकी एक राखून ठेवा.

कापूसवाला_हिंगणघाट

उद्या टाकतो फोटो.