मदत हवी आहे: पाणी तयार होताना एन्ट्रॉपी वाढते की घटते?

कोथरूडकर
नमस्कार. मुलगी बारावीला आहे, म्हणून हा भाग मी पुन्हा वाचत आहे. H₂(g) + ½O₂(g) → H₂O(l) या अभिक्रियेचा २९८ केल्विनचा प्रमाण एन्ट्रॉपी बदल काढताना मी वहीत H₂ आणि O₂ खाली शून्य लिहिले, कारण निर्मितीच्या एन्थाल्पीत मूलद्रव्यांसाठी शून्यच धरतात. पाण्याची तक्त्यातली किंमत ६९.९ असल्याने उत्तर +६९.९ जूल प्रति केल्विन आले. परंतु दीड मोल वायूचा द्रव होत असताना एन्ट्रॉपी वाढते, हे पटत नाही. चूक कुठे आहे?

मुळाकाठ
हायड्रोजन ठिणगी पडताच भडकतो, म्हणजे अभिक्रिया आपोआप पुढे जाते. मग धन चिन्हच बरोबर असणार.

जुनी प्रयोगशाळा
भडकण्याचे कारण वेगळे आहे. प्रत्येक मोलामागे २८५.८ किलोजूल उष्णता बाहेर पडते आणि परिसराची एन्ट्रॉपी सुमारे ९५९ जूल प्रति केल्विनने वाढते. प्रश्न मात्र फक्त अभिक्रियेतील पदार्थांचा आहे.

कोथरूडकर, आपली शंका योग्य आहे, शून्य चुकले. एन्ट्रॉपी शून्य केल्विनपासून मोजली जाते, त्यामुळे २९८ केल्विनला मूलद्रव्यांचीही एन्ट्रॉपी असते: H₂ची १३०.७, O₂ची २०५.१. आता ६९.९ मधून १३०.७ आणि १०२.५५ वजा केल्यास −१६३.३५ येते. ऑक्सिजनची किंमत निम्मी करायला विसरू नये.

गणितप्रेमी
त्यापेक्षा दोन्ही बाजूंचे एकूण मोल मोजावेत. उजवीकडे कमी असतील तर चिन्ह ऋण.

जुनी प्रयोगशाळा
मोल मोजायचे ते वायूंचे. ग्रॅफाइट आणि O₂ पासून CO₂ होताना एकूण मोल दोनाचा एक होतो, तरी २१३.७ − ५.७ − २०५.१ म्हणजे +२.९ येते. घन ग्रॅफाइटचा वाटा मुळातच नगण्य असतो आणि वायूचा मोल दोन्हीकडे एकच आहे.

सातारा रोड
माझी अडचण निराळी आहे. CO(g) + H₂O(g) → CO₂(g) + H₂(g) यात वायूचे मोल दोन्हीकडे दोन आहेत, पण माझे उत्तर +७६.८ आले.

जुनी प्रयोगशाळा
आपण पाण्याची द्रवाची ओळ घेतलेली दिसते. मोल समान असताना बदल इतका मोठा येणे, हीच शंकेची खूण होती. वाफेसाठी १८८.८ घ्या: (२१३.७ + १३०.७) − (१९७.७ + १८८.८) = −४२.१.

सातारा रोड
होय, ओळ चुकली होती. पण हे ऋण चिन्ह केवळ समीकरण पाहून सांगता आले असते का?

जुनी प्रयोगशाळा
मोल मोजून नाही. हायड्रोजन हलका असल्याने त्याची एन्ट्रॉपी कमी असते, म्हणून तो उजवीकडे आल्यावर बेरीज घटेल, असा अंदाज मी बांधेन. मात्र त्यावर पैज लावणार नाही. परीक्षेत मी "बदल लहान, चिन्ह तक्त्यावरून" असे लिहिले असते.

कोथरूडकर
मुलीने वहीतली दोन्ही शून्ये खोडली. पर्यायी प्रश्नात "चिन्ह सांगता येत नाही" हा पर्यायच नसेल तर काय करावे, असे ती विचारते आहे.