एपिक्टेटसच्या ‘कंट्रोल’ला मराठीत काय म्हणावं?

मधुरा_पी: आमच्या वाचनगटासाठी मी एपिक्टेटस या जुन्या स्टोइक तत्त्वज्ञाच्या ‘एन्किरिडिऑन’ या छोट्या पुस्तकाचा मराठी मसुदा करतेय आणि पहिल्याच वाक्यावर अडकलेय. काही गोष्टी ‘इन अवर कंट्रोल’ असतात, काही नसतात. ‘नियंत्रणात’ लिहिलं तर सरकारी जीआर वाटतो, ‘ताब्यात’ लिहिलं तर पोलिसांनी पकडल्यासारखं. ‘हातात’ चालेल का?

घाटमाथा: ‘काबूत’ लिहा की. स्टोइक म्हणजे भावना काबूत ठेवणारा, दगडासारखा. बाकी आपल्या गीतेत हेच आहे, कर्मावर अधिकार, फळावर नाही, विषय संपला.

जुना_वाचक: अर्धं बरोबर. फळ आपलं नाही इथपर्यंत दोघांचं जमतं, पण एपिक्टेटस कर्मही पूर्ण आपलं मानत नाही. त्याच्या यादीत आपल्याकडच्या गोष्टी म्हणजे मत, ओढ, इच्छा, तिटकारा. शरीर, पैसा, नावलौकिक, पदं पलीकडच्या बाजूला. हा माणूस गुलाम होता आणि लंगडत चालायचा, तेव्हा शरीर ‘आपलं नाही’ हे त्याने नुसतं पुस्तकात वाचून म्हटलेलं नाही. एके ठिकाणी तो म्हणतो, माझा पाय साखळीत अडकवाल, पण माझी निवड झ्यूसलाही अडकवता येणार नाही. पाय बांधला की कर्म थांबलं, निवड नाही थांबली.

आता शब्द. मूळ ग्रीक आहे ‘एफ हेमिन’. त्यातलं ‘एफ’ म्हणजे ‘एपि’, वर. ‘हेमिन’ म्हणजे आपण. शब्दशः ‘आपल्यावर’! आपण म्हणतोच ना, “जायचं की नाही ते तुझ्यावर आहे”. कंट्रोल हा इंग्रजी अनुवादकांचा शब्द, १७५८ साली एलिझाबेथ कार्टरने ‘पॉवर’ घेतला होता. दोन्हींत पकड येते, मुळात पकड नाहीच, कुणावर सोपवलंय एवढंच आहे.

सुलू७२: मी हे वर्षभर करतेय हो, पण फेल गेले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एकाने सगळ्यांसमोर हिशेबात घोळ घातलास म्हणून सुनावलं, माझे कान लाल, आवाज कापरा, हात थरथरायला लागले. मनाशी म्हणत होते की त्याचं बोलणं माझ्या कंट्रोलमध्ये नाही पण माझं चिडणं तरी असायला हवं ना? म्हणजे मी स्टोइक नाही असंच ना? आणि राजीनामा द्यायचा का आता?

घाटमाथा: राजीनाम्याचा धागा वेगळा काढा ताई 😀

जुना_वाचक: सुलूताई, फेल नाही गेलात, ‘कंट्रोल’ या शब्दाने तुम्हाला फसवलं. ऑलस जेलिअस म्हणून दुसऱ्या शतकातला रोमन लेखक, तो ब्रुंडिसियमला जाणाऱ्या जहाजात होता. वादळ आलं, बरोबर एक नावाजलेला स्टोइक होता आणि जेलिअसने मुद्दाम त्याच्याकडे पाहिलं तर तो रडत ओरडत नव्हता, पण चेहरा इतरांसारखाच पांढराफटक! वादळ शमल्यावर आशियातल्या एका श्रीमंताने त्याला टोमणाही मारला. नंतर जेलिअसने नीट विचारलं तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटसच्या प्रवचनांचा पाचवा भाग काढला (हा भाग आज हरवलाय, जेलिअसमुळे एवढं तरी कळतं). त्यात होतं की मोठा आवाज झाला, अचानक संकट आलं की शहाण्याचंही मन क्षणभर हलतं, रंग उडतो. ते आपल्यावर नसतं. आपल्यावर असतं ते पुढचं, ‘हे खरंच भयंकर आहे’ या समजाला होकार द्यायचा की नाही. मूर्ख होकार देतो, शहाणा थांबतो.

तुमचे कान लाल झाले ते वादळ. मग ‘माझी इज्जत गेली, आता मी संपले’ याला तुम्ही मान डोलावली का, प्रश्न तिथे आहे.

सुलू७२: डोलावली ना. रात्री दोनपर्यंत डोलावत होते.

जुना_वाचक: मग तेवढ्यापुरतं फेल 😄 आणि हिशेब खरंच चुकला असेल तर तो दुरुस्त करणं हे तुमच्यावरच आहे, ‘लोक काय बोलतात ते माझ्या हातात नाही’ म्हणून सुटका नाही. हल्ली या वाक्याचा वापर अंग काढून घ्यायला फार होतो.

मधुरा_पी: ‘होकार’ घेतला! ‘संमती’पेक्षा किती बरा. पण ‘काही गोष्टी आपल्यावर असतात’ हे पहिलं वाक्य म्हणून अर्धवट वाटतं, वाचणारा विचारेल आपल्यावर काय? कर्ज?

घाटमाथा: मलाही कर्जच वाटलं.

जुना_वाचक: ‘आपल्यावर अवलंबून’ केलं तर?

मधुरा_पी: पाऊसपाण्यावर शेती अवलंबून असते तसं वाटतं, ‘आपल्या हातात’मध्ये पकड येते, ‘आपल्याकडे’ म्हटलं की मालकी. सध्या दोन्ही लिहून ठेवतेय, ‘आपल्यावर’ आणि ‘हातात’, रविवारी गटात मोठ्याने वाचून बघते कुठला अडखळतो.