मदत हवी आहे: कानडी संवादाचं मराठी सबटायटल वेळेत बसेना

खानापूरकर
गावातल्या पोरांच्या वीस मिनिटांच्या कानडी लघुपटाला मराठी सबटायटल करतोय. अट अशी की सेकंदाला 17 अक्षरांच्या वर जायचं नाही आणि ओळ 42 च्या आत हवी. एका जागी दोन दिवस अडकलोय. म्हातारा दुकानदाराला म्हणतो, "नोडपा, ई वर्षा कब्बिन बिल्ल बंद म्याल रोक्का कोडतीनि."

```
00:12:41,200 --> 00:12:43,700
हे बघ बाबा, या वर्षीचं उसाचं बिल जमा
झाल्यावर मी तुझे सगळे पैसे देऊन टाकेन.
```

सॉफ्टवेअर 75 अक्षरं मोजतं, म्हणजे सेकंदाला 30. काय करू?

चिकोडीकर
सोपं आहे ओ. सबटायटल साडेचार सेकंद ठेवा, हिशोब जुळतो.

खानापूरकर
संवाद संपल्यावर 10 फ्रेमनी कट आहे, पुढं दुकानदाराचा चेहरा. सबटायटल तिथं राहिलं की तोच बोलतोय असं वाटतं.

घटप्रभा
बरोबर. कटच्या दोन फ्रेम आधी सबटायटल जायला हवं. 24 फ्रेमच्या हिशोबानं तुमच्या हातात 8 फ्रेम, म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. तेवढ्यानं 75 अक्षरं 26 च्या खाली येत नाहीत. शब्दच कमी करा. "नोडपा" कानावर पडतंय, समोर दुकानदार उभा दिसतोय. "मी" तर "देतो"मध्येच आला. पण "यंदा" सोडू नका, गेल्या वर्षीची उधारी त्या एका शब्दात आहे.

"यंदा उसाचं बिल आलं की पैसे देतो."

32 अक्षरं, सेकंदाला 13 च्या आत, एकाच ओळीत. तरी ते 8 फ्रेम घ्याच, वाचणाऱ्याला उसंत मिळते.

आणखी एक. तुमचं सॉफ्टवेअर काना, मात्रा, हलंत सगळं वेगळं मोजतंय. "वर्षी" डोळ्यांना दोन अक्षरं, त्याला पाच. डोळ्यांनी मोजलं तर तुमची 75 अक्षरं जागा धरून 50 भरतात. तरीही सेकंदाला 20 होतातच, पण 17 कुठल्या मोजणीचे ते काम देणाऱ्यांना विचारा.

कुंदा
माझ्याकडं पडद्यावर रफारच तुटतो, "वर्षी"चं "वर् षी" दिसतं. तेही यामुळंच का?

घटप्रभा
नाही ताई, तो फाँटचा किंवा प्लेअरचा घोळ. वेगळा धागा काढा, इथं गुंता होईल.

टिळकवाडी
ओळ बसली, पण म्हातारा पुण्याचा झाला. "रोक्का" म्हणणारा माणूस तो! "यंदा उसाचं बिल आल्यावर पैसे देतो की." आपल्याकडं असंच म्हणतात.

खानापूरकर
मोजलं, 36. सेकंदाला साडेचौदाच्या आत बसतंय. लावून बघतो. मोजणीचं विचारलंय, उत्तर नाही अजून.

चिकोडीकर
शेवटचा "की" पुण्याकडचा माणूस प्रश्न म्हणून वाचणार बघा.

टिळकवाडी
प्रश्नचिन्ह कुठं आहे? वाचू दे की.