मदत हवी आहे : मित्राच्या खात्यावरून आलेल्या संदेशात घरगुती माहिती कशी?

धुळेकर_६२ : चोपड्याच्या माझ्या जुन्या मित्राच्या व्हॉट्सअॅपवरून परवा संदेश आला : "वहिनींच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले ना? केळीच्या गाडीचे भाडे द्यायचे आहे, माझे यूपीआय बंद आहे, १८ हजार या नंबरवर टाका." ऑपरेशनचे बोलणे आमच्यात आठवड्यापूर्वी खरोखरच झाले होते. मात्र तो मला नेहमी 'तू' म्हणतो आणि अहिराणीत लिहितो. शिवाय नंबर टाकल्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव भलतेच दिसले, म्हणून मी थांबलो. साध्या फोनवर विचारले, तर त्याने असे काही लिहिलेच नव्हते आणि त्याचे व्हॉट्सअॅप व्यवस्थित चालू होते. मग हे कोणी लिहिले?

पारोळा_शेतकरी : माझ्याही नावाचे, माझाच फोटो लावलेले बनावट फेसबुक खाते कोणी काढले होते. तक्रार केल्यावर ते बंद झाले.

धुळेकर_६२ : आपला अनुभव वेगळा आहे. हा संदेश आमच्या जुन्याच संभाषणात, त्याच्याच नंबरवरून आला.

भुसावळ_रहिवासी : त्याने सहा आकडी ओटीपी कोणाला तरी दिला असणार. सिम बदलायला सांगा.

तापीकाठ : ओटीपी गेला असता, तर मित्राच्या फोनवरचे व्हॉट्सअॅप बंद पडले असते, आणि नव्या फोनवर जुने संभाषण सहसा दिसत नाही. येथे दोन्ही उलट आहे. त्यामुळे कोणीतरी आपले यंत्र त्याच्या खात्याला जोडले असावे असे वाटते. तसे जोडले की मागचे संदेशही तेथे वाचता येतात, म्हणून घरची माहिती असणे ही खरेपणाची खूण धरू नये. सिम बदलून हे सुटणार नाही. त्यांना व्हॉट्सअॅपमध्ये Linked devices उघडून अनोळखी यंत्र लॉग आउट करायला सांगा. एखाद्या लिंकने दाखवलेला आठ अक्षरांचा कोड त्यांनी व्हॉट्सअॅपमध्ये टाकला होता का, हेही विचारा.

धुळेकर_६२ : आपण म्हणता तसेच निघाले. नात्यातील मुलीला नृत्यस्पर्धेत मत द्यायच्या लिंकवर त्याने तसा कोड टाकला होता, आणि यादीत अनोळखी संगणक सापडला. आता तो काढला आहे. पण त्याआधी त्याने मागितला म्हणून मी सातबाऱ्याचा फोटो पाठवला होता. ती मागणी त्याचीच होती का, हे त्यालाही आठवत नाही.

भुसावळ_रहिवासी : सुरक्षा कोड बदलल्याची ओळ संभाषणात दिसली का? नसेल तर मागणी खरी.

तापीकाठ : तेवढ्यावरून ठरवू नका. फोन बदलला तरी ती ओळ येते, आणि ती न दिसणे हा पुरावा नाही. दोघांचे फोन शेजारी ठेवून ते दिवस ताडून पाहा. जोडलेल्या यंत्रावरून पाठवलेला संदेश मालकाच्या फोनवरही उमटतो, म्हणून भामटा तो 'माझ्यापुरता' पुसून टाकतो. तो तुमच्याकडे मात्र राहतो. मागणी फक्त तुमच्याच फोनवर असेल, तर संशयाला जागा आहे. अर्थात, मित्राने ती स्वतः पुसली असण्याचीही शक्यता उरते.

धुळेकर_६२ : रविवारी चोपड्याला जाऊन पाहतो आणि येथे कळवतो.