तारकर्लीचा फोटो आणि त्याखालची एक ओळ

समिधा_९: गेल्या आठवड्यात तारकर्लीला होतो, मधुचंद्राला. मावळतीचा एक फोटो सुंदर आलाय. आम्ही दोघं पाठमोरे, मधे सूर्य पाण्याला टेकलेला. खाली काय लिहू? रोमँटिक हवं, थोडं मिश्कील हवं, पण सासरचा ग्रुप आणि ऑफिस दोन्ही बघणार, त्यामुळे खासगी काही नको. मी लिहिलंय: 'तुझ्या मिठीत सूर्यही लाजून लाल झाला, आयुष्यभराच्या प्रवासाची सुंदर सुरुवात.' नवरा म्हणतो, ठीक आहे.

रेघोट्या: ठीक नाही, आणि मला हे वाचून खरंच राग आला. अठरा वर्षं जाहिरातीच्या ओळी लिहितेय, हा लाजणारा सूर्य मला दर लग्नसराईत भेटतो. तुम्ही दोघं पाठमोरे उभे आहात म्हणता, मग मिठी आली कुठून? फोटोत नाही ती मिठी ओळीत घातलीत, म्हणजे नको म्हणता तेच सासरच्या ग्रुपला दाखवलंत. आणि 'आयुष्यभराचा प्रवास' कुणाच्याही फोटोखाली चिकटेल. त्यात तुम्ही दोघं नाहीच.

आपल्याकडे चारचौघांत प्रेम बोलायची रीत आहे की! उखाण्यात पहिल्या ओळीत कुणीही बघावी अशी साधी वस्तू असते, दुसरीत नाव. प्रेम असतं ते या दोन ओळींच्या मधल्या उडीत, आणि ते ज्याचं त्याला कळतं. यमक नको, पण ती उडी घ्या. सूर्याबद्दल लिहू नका, तो दिसतोच आहे. फोटोत न दिसलेली, त्या संध्याकाळची एखादी वस्तू सांगा. रस्त्यावरच्या माणसाने पाहिली तरी चालली असती अशी. तेवढं खासगी नसतं.

माजघर: उखाण्याचं पटलं. पण नव्या जोडप्याच्या फोटोखाली मावळला, बुडाला असले शब्द नकोत गं. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढली म्हणतो. दिवा विझवत नाही, शांत करतो. निघताना 'जाते' नाही, 'येते'. तुमच्या पिढीला हे खुळं वाटेल, पण शब्द जपून वापरावा.

रेघोट्या: काकू, मग सूर्यास्ताच्या फोटोला 'सूर्य वाढला' लिहायचं का?

माजघर: थट्टा करू नकोस. शब्द टाळायचा म्हटलं, फोटो नाही.

बोरीबंदर: जागा कुठली आणि किती दिवस, हे आधी लिहू नका. माझ्या मावसभावाने असाच समुद्राचा फोटो टाकून खाली लिहिलं, 'अजून चार दिवस इथेच!' डोंबिवलीतलं घर बंद. परत आले तर कडी तोडलेली, आहेरात आलेली चांदीची भांडी गेलेली. आणि वर सोसायटीवाले म्हणाले, तुम्हीच जाहीर केलंत. वॉचमनचा पगार आम्ही भरतो तो कशाला, हे कुणी बोलेना!

समिधा_९: दादा, आम्ही परत आलोय.

बोरीबंदर: मग पुढच्या वेळेसाठी सांगून ठेवलं. वॉचमनचं मात्र कुणीतरी बोलायला हवं.

खगोलवेडा: शब्दावरून भांडताय, पण तुमच्या फोटोतला सूर्य तेव्हा मावळलेलाच होता! प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं वीस सेकंद लागतात, म्हणजे तो खरा आठ मिनिटांपूर्वीच गेला. ओळ तयार आहे: 'तो गेला होता, आम्ही बघत होतो.'

तांबडी_माती: आठ मिनिटं बरोबर, निष्कर्ष चुकीचा. मालवणच्या शाळेत तीस वर्षं हेच खोडत आलो. त्या आठ मिनिटांत सूर्य कुठे पळत नाही, फिरते ती पृथ्वी. भिंतीवर दिवा आहे आणि तुम्ही खुर्चीत वळताय. दिव्याचा प्रकाश उशिरा आला म्हणून दिव्याची दिशा बदलत नाही.

खगोलवेडा: म्हणजे सूर्य मावळलेला नव्हता. मग तसं सरळ सांगा ना.

तांबडी_माती: पूर्ण वाचा तरी. मावळलेला होता, पण कारण हवा आहे. क्षितिजाशी हवा प्रकाशाला साधारण अर्धा अंश वाकवते, आणि सूर्याची चकतीही आपल्याला जवळजवळ अर्ध्या अंशाचीच दिसते. म्हणून खालची कड पाण्याला टेकलेली दिसते तेव्हा सरळ रेषेच्या हिशेबाने अख्खी चकती क्षितिजाखाली गेलेली असते. हवा नसती तर त्या क्षणी काहीच दिसलं नसतं. समिधाताई, फोटो मोठा करून बघा. खालची कड वरच्या कडेपेक्षा जास्त उचलली जाते, म्हणून चकती दबलेली, आडवी दिसेल. टेकल्यापासून पूर्ण जाईपर्यंत आपल्याकडे सव्वादोन ते अडीच मिनिटं मिळतात. धुरकट असेल तर तीही नाहीत, टेकण्याआधीच सूर्य विरून जातो.

खगोलवेडा: आठ मिनिटांचं कारण चुकलं, मान्य. पण मावळलेला होता हे मीच आधी म्हटलं, हेही लिहा.

तांबडी_माती: उत्तर जुळलं, रीत चुकली. मी अर्धे गुण देतो.

रेघोट्या: तुमचे गुण तुमच्याजवळ ठेवा. एका ओळीखाली विज्ञानाचा तास सुरू झालाय. समिधा, त्या संध्याकाळची वस्तू सांगा.

समिधा_९: सूर्य खरंच चपटा दिसतोय सर! मी आजवर गोल समजत होते.
वस्तू म्हणजे... ह्याची चप्पल. फोन वाळूत उभा राहीना म्हणून त्याने एक चप्पल रोवली, तिला फोन टेकवला आणि दहा सेकंदांचा टायमर लावून धावत आला. तिसऱ्या फोटोनंतर लाट आली. त्याने फोन उचलला, चप्पल गेली. हॉटेलपर्यंत तो एका पायाने अनवाणी, आणि वाटेत सुरूची फळं टोचत होती. मग मीही माझी एक काढून हातात घेतली.

माजघर: अगं, हेच लिही!

रेघोट्या: हेच. पण सगळं नाही. मी तीनदा लिहून बघितलं. पहिल्यांदा: 'एक चप्पल समुद्राला दिली आणि तीन चपलांत संसार सुरू केला.' 'संसार' आला की ओळ स्वतःचा अर्थ सांगत बसते, काढला. दुसऱ्यांदा तुम्ही चप्पल काढल्याचं घातलं, पण ते तुमच्या दोघांचं आहे, चारचौघांत नको. शेवटी राहिलं ते असं:

'हा फोटो एका चपलेला पडला. तीन चपलांत दोघं परत आलो.'

'पडला' म्हणजे किंमत. ऑफिस हसेल. तिसरी चप्पल पायात होती की हातात, ते फक्त त्याला माहीत.

खगोलवेडा: सूर्य कुठे गेला?

रेघोट्या: फोटोत आहे.

तांबडी_माती: फोटोतही नाही, खाली गेलाय. पण ओळ चांगली आहे. माझा आक्षेप एकच: समुद्रात चप्पल गेली ही कौतुकाची गोष्ट नाही. किनारा साफ करताना आमची पोरं असल्याच चपला गोळा करतात.

समिधा_९: सर, आम्ही शोधली होती, अंधार पडेपर्यंत.
नवऱ्याला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, 'तिसरी हातात होती.' एवढंच. पण चप्पल त्याच्या चुकीने गेली असं आईंना वाटेल म्हणून 'लाटेने नेली' घालू या म्हणतोय.

रेघोट्या: अजिबात घालू नका.

माजघर: घालू दे गं. सासूबाई वाचणार आहेत. आणि नवी जोडी घेतलीत की नाही?